प्रश्नपत्रिका मराठीत, सूचना इंग्रजीत

'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीसह तेरा भाषांत मिळते. पण ती हातात पडण्याआधी ज्या कागदावर प्रवेश अवलंबून असतो, त्या प्रवेशपत्रावरच्या सूचना इंग्रजीत असतात. सोलापूर केंद्र मिळालेला करमाळ्याचा विद्यार्थी मग प्रवेशपत्राचा फोटो काढून सरांना व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि अर्थ विचारतो. सांगणाऱ्याने इथे घाई करू नये.

पहिली गफलत वेळेची. २०२५ मध्ये पेपर दुपारी २ ते ५ होता, पण केंद्राचे फाटक दीडलाच बंद होणार होते. शिवाय हजर होण्याची प्रत्येकाची वेळ प्रवेशपत्रावर वेगळी छापलेली असते. समजा ती साडेअकराची आहे. करमाळा शंभरावर किलोमीटर दूर. म्हणजे सकाळी सातच्या आत एसटीत बसायला हवे. 'पेपर दोनला आहे' एवढेच सांगितले, तर पोरगा बंद फाटकापाशी पोहोचेल.

दुसरी गफलत फोटोमुळेच होते. बहुतेक जण पहिल्याच पानाचा फोटो पाठवतात. पोस्टकार्ड आकाराचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो चिकटवायची चौकट पुढच्या पानावर असते, ती राहून जाते. म्हणून आधी सगळी पाने मागवावीत. मग कामे दोन भागांत सांगावीत. फोटो चिकटवणे, डाव्या अंगठ्याचा ठसा आणि पालकांची सही घरीच उरकायची. विद्यार्थ्याची सही मात्र वर्गात, पर्यवेक्षकांसमोरच. सोबत हजेरीपत्रकासाठी आणखी एक पासपोर्ट फोटो आणि मूळ ओळखपत्र. आधारची झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही.

मनाई असलेल्या वस्तूंची यादी वाचून दाखवण्यापेक्षा अंगावर काय असावे, ते सांगावे: अर्ध्या बाह्यांचे साधे कपडे, पायांत चपला, हातात पाण्याची पारदर्शक बाटली. घड्याळ, पट्टा, दागिने घरी. पेन केंद्रावर मिळते. मोबाइल, पाकीट सांभाळण्याची सोय केंद्रावर नसते, तेव्हा ते सोबतच्या माणसाकडे द्यावे. धर्माच्या रीतीचा पोशाख असेल, तर झडतीला वेळ लागतो, लवकर पोहोचावे.

हे काम सरांनी किंवा भावाने करावे लागते, हीच खरी तक्रार आहे. विद्यार्थ्याने प्रश्नपत्रिकेसाठी मराठी निवडल्याची नोंद परीक्षा घेणाऱ्या एनटीएकडे अर्जाच्या दिवसापासून असते आणि ती प्रवेशपत्रावरही छापली जाते. त्याच नोंदीवरून सूचनांचे पान मराठीत छापता येईल. एनटीएने ते छापलेच पाहिजे. तोवर सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने प्रवेशपत्रे येताच मराठी सूचनांचा एक कागद विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. त्यात घरी करायची कामे आधी, फाटकावरची नंतर आणि वर्गातली शेवटी, अशा क्रमाने लिहिलेली असावीत.