‘ओरिजिनल’ कशाला म्हणायचं?

टोनर विकणाऱ्यांचा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. गिऱ्हाइकाला फक्त कार्ट्रिज चाललं पाहिजे. जाहिरातीत ‘रिफिल’ लिहिलं की तो पळतो, म्हणून ‘ओरिजिनल क्वालिटी, 2000 पानं, सर्व लेझरजेटना चालेल’ एवढं लिहिलेलं बरं. दुसरीकडे काही जण रिफिलचा धंदाच लबाडीचा ठरवतात. मला दोन्ही मतं अमान्य आहेत. रिफिल हा सच्चा माल आहे, आणि तो खोट्या नावाने विकणं हाच त्यातला एकमेव गुन्हा आहे.

आधी ‘सर्व लेझरजेटना’ हा दावा घेऊ. छोट्या कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षं राबलेला एचपीचा M1005 प्रिंटर 12A म्हणजे Q2612A कार्ट्रिज घेतो. त्याच कंपनीचा P1005 मात्र 35A म्हणजे CB435A घेतो. दोन्हींचा सांगाडा वेगळा. एकाचं दुसऱ्यात बसतच नाही. दुकानात लोक ‘1005 चा टोनर द्या’ एवढंच म्हणतात, त्यामुळे आकड्याआधीचं अक्षर जाहिरातीत नसेल तर चुकीचा माल घरी येणारच. तो परत करताना खोका फुटलेला असतो, सील निघालेलं असतं, आणि मग भांडण सुरू होतं. म्हणून मॉडेलं एकेक करून, पूर्ण नावानिशी लिहायला हवीत: लेझरजेट 1010, 1018, 1020, 1022, M1005. यादी लांब झाली तरी चालेल, पण ‘इत्यादी’ नको.

आता 2000 पानं. हा आकडा एचपीने आपल्या नव्या 12A साठी दिलेला आहे. काळ्या टोनरची पानं मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ISO/IEC 19752 मध्ये सांगितली आहे: ठरलेलं चाचणीपान, ठरलेलं तापमान, अनेक कार्ट्रिजं, सलग छपाई. त्या पानावर शाई कागदाच्या साधारण 5 टक्के भागावरच असते, म्हणजे साधं पत्र. ठळक मथळे, फोटो, जाड रेषांचे तक्ते यांनी 10 टक्के भाग व्यापला की पानं ढोबळमानाने निम्म्यावर, हजाराच्या आसपास येतात. नव्या कार्ट्रिजलाही हे लागू आहे. मग दुसऱ्या कारखान्याची पावडर भरलेल्या जुन्या सांगाड्यावर कंपनीचाच आकडा छापणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाने आपला माल विकणं. रिफिलवाल्याने किती ग्रॅम पावडर भरली, ते लिहावं. स्वतः मोजलेली पानं असतील तर तीही लिहावीत, आणि किती टक्के भागावर शाई धरून मोजली तेही.

सर्वांत मोठा गोंधळ ‘ओरिजिनल’चा. 12A मध्ये पावडर, ड्रम आणि वाया गेलेली पावडर साठवणारा कप्पा हे सगळं एकाच सांगाड्यात असतं. रिफिलमध्ये बहुधा फक्त पावडर बदलते. ड्रमवर चरा गेलेला असेल तर पानभर उभी रेघ येते; ड्रमवर एकाच जागी खाच असेल तर तोच ठिपका सुमारे 75 मिलिमीटरवर पुन्हा पुन्हा उमटतो, कारण ड्रमचा घेर तेवढाच आहे. वाया गेलेल्या पावडरचा कप्पा रिकामा केला नसेल तर पावडर बाहेर सांडते. सांगाडा एचपीचा आहे हे खरं असलं तरी ‘ओरिजिनल’ म्हटल्यावर हे सगळं झाकलं जातं. ‘ओरिजिनल बॉडी’ हा शब्दप्रयोगही मला तेवढ्यासाठीच नको वाटतो.

कोणी म्हणेल, मग एचपीचं नावच घेऊ नये का? घ्यावं. ट्रेड मार्क्स कायदा 1999 च्या कलम 30 मध्ये, माल कोणत्या वस्तूला जोडायचा हे सांगायला गरजेपुरता दुसऱ्याचा मार्क वापरायला सूट आहे. अट एवढीच की खोट्या व्यापारी संबंधाचा भास होता कामा नये. ‘एचपी टोनर’ म्हटलं तर भास होतो. ‘एचपी प्रिंटरना चालणारं’ म्हटलं तर होत नाही.

मी लिहिलं असतं ते असं: ‘लेझरजेट 1020 आणि M1005 साठी रिफिल केलेलं टोनर कार्ट्रिज. सांगाडा वापरलेला, मूळ एचपीचा. पावडर दुसऱ्या कंपनीची, 100 ग्रॅम. ड्रम नवा. एचपीने बनवलेलं वा प्रमाणित केलेलं नाही.’ यात भाव पाडणारं काही नाही. नवा ड्रम ज्याने बसवला, त्याला उलट जास्त पैसे मागण्याचा हक्कच मिळतो. आज तो हक्क बुडतो, कारण ड्रम न बदलणाराही तेच ‘ओरिजिनल’ लिहून त्याच्या शेजारी बसतो.

खरेदी करणाऱ्यांनी पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: प्रिंटरचं पूर्ण मॉडेल, ड्रम नवा की जुना, आणि पावडर किती ग्रॅम. ज्याला हे लिहून द्यायचं नाही, त्याच्याकडून टोनर घेऊ नका.