त्या सकाळचे बांगडे

तीर्थस्वरूप काका आणि काकी यांस साष्टांग नमस्कार.

आज तुमच्या चिरंजिवांचा जन्मदिन. तो गेल्यानंतरचा हा तिसरा. सांत्वनाचे शब्द माझ्यापाशी नाहीत. मात्र त्याने तुमच्यापासून लपविलेली आणि आता केवळ माझ्याजवळ उरलेली एक हकीकत आज तुमच्या चरणी रुजू करणे, हे माझे कर्तव्य आहे असे मी समजतो.

आम्ही मॅट्रिकच्या वर्गात होतो. परीक्षा होईपर्यंत समुद्राकडे फिरकायचे नाही, असे काकांचे फर्मान होते. तरीही एका रविवारी पहाटे, १६६४ साली महाराजांनी सिंधुदुर्गाच्या उभारणीपूर्वी जिथे गणेशपूजन केले त्या मोरयाच्या धोंड्याजवळ आम्ही भेटलो आणि दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढण्यास गेलो. होडीने अर्धवर्तुळात जाळे सोडून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणून दिले होते. एका दोराला तो, दुसऱ्याला मी, आणि आमच्यामध्ये एवढे अंतर की हाक मारली तरी वाऱ्यावर विरून जावी. रापण ओढण्याचे मर्म बळापेक्षा मेळात आहे, हे मला त्या दिवशी कळले. कारण एक बाजू पुढे धावली की पाण्यावरच्या बोयांची कमान तिरपी होते, जाळ्याची तळाची वजनदार कड वाळूवरून उचलली जाते आणि तिच्याखालून मासळी निसटते. माझी बाजू मागे पडत आहे हे बोयांवरून ओळखून तो आपल्या रांगेतून धावत आला, माझ्या पुढ्यात दोराला लागला आणि कमान सरळ होताच काही न बोलता परत गेला. जाळे जवळ येऊ लागले, तशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत आल्या, आणि मासळीची खोळ वाळूवर लागली तेव्हा आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतो.

मदतीस आलेल्या हातांनाही चार मासे द्यावेत ही तिथली जुनी वहिवाट. त्याच्या वाट्यास सहा बांगडे आले. ते त्याने सदऱ्यात बांधले आणि मला म्हणाला, "घराक सांगा नको हां. आयेक सांगतंय, तुझ्या घरसून इले."

काकी, त्या दुपारी तुम्ही तिरफळे घालून केलेले तिखले मीही जेवलो. काकांनी दुसरा बांगडा मागून घेतला आणि "ताजे आहेत" एवढेच म्हणाले, तेव्हा त्याने मान खाली घातली; काका, ती भीतीने नव्हती. स्वतःच्या श्रमाचा पहिला मोबदला वडिलांच्या पानात पडलेला पाहून भरून आलेले डोळे त्याला लपवायचे होते. ते बांगडे माझ्या घरचे नव्हते. ते त्याच्या कमाईचे होते.

आज सायंकाळी मी दांडीवरून बांगडे घेऊन येत आहे. काकी, तिखले तुम्हीच करावे, आणि काकांनी दुसरा मागून घ्यावा.