लिंक पाठवलीस, पण फोटो कुणाकुणाला दाखवलेस?

शिष्यवृत्तीच्या फॉर्मचे दिवस आले की आमच्या मिरजगावात सगळ्यांच्या मोबाईलच्या गॅलरीत एकसारखेच फोटो सापडतात. उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, पासबुकचं पहिलं पान. गेल्या वेळी माझ्या एका मैत्रिणीचा फॉर्म नावातल्या फरकामुळे अडकला. तिने हे तिन्ही फोटो एका एआय चॅटमध्ये टाकले आणि विचारलं, 'चूक कुठे आहे?' उत्तर छान आलं. आधारवर वडिलांचं नाव एका पद्धतीने, पासबुकवर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं होतं. दुरुस्ती कशी करायची तेही पायरी-पायरीने सांगितलं होतं.

वर्गातल्या बऱ्याच जणांची अडचण तीच होती. म्हणून तिने चॅटमधलं शेअरचं बटण दाबलं, लिंक तयार केली आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ग्रुपवर 180 जण. हेतू चांगलाच होता. अर्ध्या तासाने पुण्यात शिकणाऱ्या तिच्या मावसबहिणीचा फोन आला, 'अगं, काकांचं आधार कार्ड का दिसतंय मला?' ती बहीण त्या ग्रुपमध्ये नव्हतीच. कुणीतरी लिंक पुढे पाठवली होती.

गैरसमज इथेच झाला. तिला वाटलं, आपण शेवटचं उत्तर शेअर केलं. प्रत्यक्षात गेला तो पूर्ण संवाद, पहिल्या ओळीपासून. फोटो वर होते, उत्तर खाली होतं. तिच्या स्क्रीनवर खालचा भाग उघडा असल्यामुळे वरचे फोटो तिच्या लक्षातही आले नाहीत.

मुळात अशी लिंक म्हणजे कुणा एकाला पाठवलेला मेसेज नसतो. ती इंटरनेटवरच्या एका पानाचा पत्ता असते. हा पत्ता इतका लांब आणि वेडावाकडा असतो की अंदाजाने तो कुणालाच सापडत नाही. पण ज्याच्या हातात तो पडला, त्याच्यासाठी दार सताड उघडं. ते पान 'तू कोण?' असं सहसा विचारत नाही, लॉगिनही मागत नाही. शेजाऱ्याकडे ठेवलेल्या किल्लीवर घरमालकाचं नाव नसतं, तसंच हे. व्हॉट्सॲपचे मेसेज एन्क्रिप्टेड असतात हे खरं, पण ते कुलूप मेसेजला आहे. लिंक जिथे नेते त्या पानाला ते लागत नाही.

म्हणजे फोटो कोण पाहू शकतं? ग्रुपमधले सगळे. त्यांनी ज्यांना फॉरवर्ड केलं ते सगळे. कुणी कॉलेजच्या लॅबमध्ये ती लिंक उघडली असेल, तर त्या कॉम्प्युटरच्या हिस्टरीतून पुढे बसणारा कुणीही. आणि कधी कधी गूगलसुद्धा.

गूगलचं नाव उगाच घेतलेलं नाही. 2025 मध्ये चॅटजीपीटीवर लिंक बनवताना "Make this chat discoverable" असा एक चौकोन दिसायचा. त्यावर टिक केली की तो संवाद सर्च इंजिनला सापडू शकत असे. अनेकांनी अर्थ न कळताच टिक केली आणि त्यांचे खासगी संवाद गूगलवर दिसू लागले. बातम्या आल्यावर 31 जुलैला कंपनीने ती सोय काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर ऑगस्टमध्ये 'फोर्ब्स'ने ग्रोकबद्दल बातमी दिली. तिथे तर वेगळा चौकोनही नव्हता. नुसतं शेअरचं बटण दाबलं की तयार झालेलं पान सर्च इंजिनसाठी खुलं होत होतं. असे 3 लाख 70 हजारांहून अधिक संवाद गूगलवर सापडत होते आणि त्यांत लोकांनी अपलोड केलेले फोटो व फाइलीही होत्या.

आता पुन्हा मैत्रिणीकडे. घाबरून तिने सगळ्यात आधी काय केलं? ग्रुपवरचा मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' केला. आपण सगळे हेच करतो आणि इथेच फसतो. मेसेज गेला, पान तसंच राहिलं. ज्यांनी लिंक आधीच उघडली किंवा पुढे पाठवली, त्यांच्याकडे ती चालूच होती. पान बंद करायचं तर ज्या ॲपमध्ये लिंक बनवली तिथेच जावं लागतं. चॅटजीपीटीत Settings, मग Data controls, तिथे Shared links. आपण आजवर बनवलेल्या सगळ्या लिंक तिथे दिसतात आणि एकेक काढता येते. इतर ॲपमध्ये नावं थोडी वेगळी असतील, पण यादी शोधायची ती 'शेअर केलेल्या लिंक' याचीच.

तरीही सगळं परत येत नाही. कुणी फोटो सेव्ह केला असेल, स्क्रीनशॉट काढला असेल, तर तो त्याच्याकडे राहतो. कुणी तो संवाद आपल्या खात्यात घेऊन पुढे चालू ठेवला असेल, तर मूळ लिंक काढल्याने त्याची प्रत पुसली जात नाही. म्हणून खरी काळजी लिंक पाठवण्याआधीच घ्यावी लागते.

त्याची एक सोपी चाचणी आहे. लिंक बनवली की आधी स्वतःच ती ब्राउझरच्या इनकॉग्निटो टॅबमध्ये उघडायची. तिथे आपण लॉगिन नसतो, म्हणजे अनोळखी माणसाला जे दिसेल तेच आपल्याला दिसतं. अगदी वरपर्यंत स्क्रोल करायचं. फोटो दिसला? त्यावर टिचकी मारून मोठा होतो का बघायचं. झाला आणि नंबर वाचता आला, तर ती लिंक लगेच काढायची. चाचणी दरवेळी करायची, कारण या ॲपचे नियम बदलतात. सुरुवातीला चॅटजीपीटीवर फोटो असलेल्या संवादाची लिंक बनतच नव्हती. त्या वेळच्या अनुभवावर आज विसंबून चालणार नाही.

त्याहून सोपं म्हणजे लिंक पाठवायचीच नाही. मित्राला हवं असतं ते उत्तर. ते कॉपी करून पेस्ट करा, नाहीतर तेवढ्याच भागाचा स्क्रीनशॉट द्या. आणि चॅटमध्ये आधार टाकावंच लागलं, तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार घ्या. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. नावातला फरक शोधायला पूर्ण नंबर लागतोच कुठे?

थोडा दोष कंपन्यांचाही आहे. शेअरच्या बटणापाशी 'या संवादात तुमचे 3 फोटो आहेत, तेही दिसतील' एवढी एक ओळ मराठीत लिहायला काय जातं? ती ओळ येईपर्यंत ते काम आपल्यालाच करायचं आहे. माझ्या मैत्रिणीला सगळ्यात जास्त लागलं ते हे की फोटो तिचा नव्हता. आधार वडिलांचं होतं, पासबुक वडिलांचं होतं. त्यांनी ते लेकीला दिलं होतं, 180 जणांना नाही.