बॅटरी बिचारी निर्दोष आहे!

माझ्या मामेभावाने दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. गाडी सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी 35 अँपिअर-अवरची. तो ऑफिसला बसने जातो, म्हणून रविवारी रात्री पार्क केलेली गाडी आठवडाभर सोसायटीत उभी. मध्येच बुधवारी काढली तर ती कशीबशी कण्हत सुरू व्हायची आणि डॅशबोर्डवर एबीएस, पॉवर स्टीअरिंग, इंजिन असे सगळे दिवे एकदम लागायचे. आणि शनिवारी चावी फिरवली की नुसती टकटक. "दादा, ही कंपनीच भंगार आहे," असं त्याचं मत. माझं मत वेगळं होतं, कारण काचेवर त्याने हौसेने बसवलेला डॅशकॅम मला दिसत होता.

आम्ही अडीचशे रुपयांचा मल्टिमीटर आणला. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मीटर 10 अँपिअरच्या सेटिंगवर तिच्या मध्ये जोडला, गाडी लॉक केली आणि अर्धा तास थांबलो. हे थांबणं महत्त्वाचं. आजकालच्या गाडीतले छोटे कॉम्प्युटर लॉक केल्यावर लगेच झोपत नाहीत, त्यामुळे घाईत घेतलेलं रीडिंग फसवं येतं. आणि मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडालाच म्हणून समजा.

रीडिंग आलं 0.36 अँपिअर. डॅशकॅमचा फ्यूज काढला, तर 0.03. म्हणजे चोर सापडला!

आता साधं गणित करा. 0.36 गुणिले 24, म्हणजे दिवसाला साधारण साडेआठ अँपिअर-अवर. बुधवार सकाळपर्यंत वीस-एकवीस गेले, म्हणजे बॅटरी निम्म्याच्या खाली. चौथ्या दिवशी जवळजवळ रिकामी. तोच कॅमेरा नसता, तर निम्मी बॅटरी संपायला तीन आठवड्यांहून जास्त लागले असते. बरं, रविवारच्या वीस मिनिटांच्या चकरीत ही तूट भरून निघत नाही. अशी बॅटरी पुन्हा पुन्हा पार रिकामी झाली की तिची ताकद कायमची कमी होते. ती वाईट नव्हती, आपण तिला वाईट केली.

मग दिवे का लागतात? स्टार्टर फिरताना प्रचंड करंट ओढतो आणि अर्धमेल्या बॅटरीचा व्होल्टेज धाडकन खाली येतो. एबीएस आणि स्टीअरिंगच्या कॉम्प्युटरला वाटतं, आपल्यालाच काहीतरी झालं. ओळखायची खूण अशी : एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार दिवे नेमके स्टार्ट करतानाच लागले आणि स्कॅनरवर लो व्होल्टेजचे कोड दिसले, तर आधी बॅटरी आणि वायरिंग बघा. पण बॅटरी चार्ज करून कोड पुसल्यावरही एखादा दिवा लागलाच, तर तो खरा बिघाड. तिथे गप्प वर्कशॉप गाठायचं.

चूक कुणाची? डॅशबोर्ड उघडला तर कॅमेऱ्याची वायर बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टीमच्या पिवळ्या वायरीला पिळून, वर टेप गुंडाळलेली. या सेटची लाल वायर चावीवर चालते, पिवळीत करंट कायम असतो. अ‍ॅक्सेसरीवाल्याने शॉर्टकट मारला, हे खरंच. पण "चोवीस तास रेकॉर्डिंग पाहिजे" असं सांगणारा आणि वायरिंग किटचे पैसे वाचवणारा आमचाच भाऊ होता ना!

म्हणून मला स्पष्ट वाटतं, जी गाडी रोज चालत नाही, तिला पार्किंग रेकॉर्डिंगची चैन परवडत नाही. अशा गाडीत कॅमेरा चावीवर चालणाऱ्या फ्यूजवरच घ्यावा, फ्यूज टॅप लावून, त्याच्या स्वतःच्या छोट्या फ्यूजसकट. मूळ वायर कापायची वेळच येत नाही. पार्किंग रेकॉर्डिंग हवंच असेल, तर तीन वायरींचं किट घ्या आणि त्याचा कट-ऑफ 12.2 व्होल्टला ठेवा. 11.8 ला कॅमेरा बंद होईपर्यंत बॅटरीत फारसं काही उरलेलं नसतं. शिवाय काचेच्या बाजूच्या खांबातून वायर नेताना ती पडद्याच्या एअरबॅगच्या मागून जाऊ द्या, पुढून नको.

आणि फिटिंगवाल्याकडे एक हट्ट धरा : काम करण्याआधी आणि नंतर, गाडी लॉक करून, मीटरचं रीडिंग दाखवा. तो म्हणेल, "साहेब, एवढं कोण बघतं?" आपण बघायचं. मामेभावाची तिसरी बॅटरी आता चावीवरच्या कॅमेऱ्यासोबत आहे. शनिवारी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते आणि कंपनीला शिव्या देणं बंद झालंय.