भाषण मुलाचं असेल, तर शब्दही त्याचेच हवेत

३ जानेवारी आणि २६ जानेवारी जवळ आले की शिक्षकांच्या मोबाइलवर एकच मागणी सुरू होते. "सर, पाचवीसाठी तीन मिनिटांचं भाषण पाठवा ना." भाषण येतं, घरी पाठ करून घेतलं जातं, स्पर्धेच्या दिवशी म्हटलं जातं. एकाच गटातली चार मुलं एकच भाषण म्हणतात, तेव्हा परीक्षकही मान खाली घालून गुण देत राहतात.

माझं मत स्पष्ट आहे. दहा वर्षांच्या मुलाला भाषण लिहून देऊ नये. ते त्याच्याकडून काढून घ्यावं. शिक्षकाने फक्त क्रम लावावा, काटछाट करावी आणि कुठे थांबायचं ते शिकवावं.

आपल्या जालना जिल्ह्यातलंच उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. जानेवारी २०२३ मध्ये रेवलगावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या, 'भोऱ्या' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलाचं लोकशाहीवरचं भाषण महाराष्ट्रभर पाहिलं गेलं. लोकशाही हा शब्द मोठ्यांनाही जड जातो. पण त्या भाषणात झाडावर चढणं होतं, न मारणारे बाबा होते, चहाड्या सांगणारी बारकी पोरं होती आणि शिक्षाही होती. अवघड कल्पना मुलाच्या अंगणात येऊन बसली होती. लोक हसले, कारण प्रत्येक वाक्य त्या वयाच्या तोंडी शोभत होतं. आता त्या भाषणाची नक्कल करून उपयोग नाही, कारण ते अंगण दुसऱ्या मुलाचं आहे. घ्यायची ती फक्त रीत.

ती रीत एका उदाहरणातून बघू. समजा, विषय आहे 'पाणी वाचवा', वेळ तीन मिनिटं. मुलगी पाचवीतली, घनसावंगी तालुक्यातल्या एका गावची. तयार भाषण असं सुरू होतं : "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी आपणांस जे दोन शब्द सांगणार आहे, ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती." यात पंधरा-वीस सेकंद गेले आणि पाण्याचा थेंबही आला नाही. पुढे 'पाणी म्हणजे जीवन', 'काळाची गरज', 'भीषण जलसंकट'. तिला विचारा, भीषण म्हणजे काय? बहुतेक वेळा ती आपल्याकडेच बघते.

त्याऐवजी तिला शेजारी बसवा आणि वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारा. तुमच्याकडं पाणी कुठून येतं? टँकर आला की तू काय करतेस? घरात पाण्यावरून कोण रागावतं? पाणी नव्हतं तेव्हाची गोष्ट कोणी सांगितली का? प्रश्न 'काय' आणि 'कसं' असे हवेत. 'पाण्याचं महत्त्व सांग' म्हटलं की मूल लगेच पुस्तकी बोलायला लागतं. ती जे बोलेल ते तसंच वहीत उतरवा, दुरुस्त करू नका. तीन-चार पानं भरतील. त्यातली निम्मीअधिक वाक्यं पुढे गळतात. उरतात त्यांचाच क्रम लावायचा.

मिनिटाला शंभरएक शब्द या वेगाने मूल बोललं तर ऐकणाऱ्याला नीट कळतं. म्हणजे तीन मिनिटांसाठी अडीचशेच शब्द लिहावेत, कारण थांबायलाही वेळ लागतो. तीन मिनिटांत चारशे शब्द कोंबले की मूल पळत सुटणारच. मग "हळू बोल, हळू बोल" असं मागून ओरडून काही होत नाही.

त्या वहीतून निघालेल्या भाषणाचा एक भाग असा असू शकतो. एका रेघेला छोटा श्वास, दोन रेघांना मनात 'एक, दोन' मोजायचं, तीन रेघांना चारपर्यंत.

"आमच्या घरी माणसं पाच. / आणि हंडे नऊ. //
हंडे जास्त का? / कारण टँकर रोज येत नाही. // उन्हाळ्यात तो आला की भोंगा वाजवतो. / मी वही तशीच टाकून पळते. / आई म्हणते, / 'हळू पळ, पडशील.' // पण हळू पळालं तर नंबर मागं जातो. //
आमच्या आजोबांची मोसंबीची बाग होती. / मी ती बघितली नाही. / मी तेव्हा जन्मलेच नव्हते. // २०१२ च्या दुष्काळात विहीर आटली. / आजोबांनी टँकर विकत आणला, / झाडांना पाणी घातलं. / पैसे संपले. / झाडं वाळली. // मग आजोबांनी कुऱ्हाड घेतली. ///
मी विचारलं, / 'आजोबा, तुम्हाला रडू आलं का?' // आजोबा म्हणाले, / 'तोडताना नाही आलं बाई. / चुलीत घातलं तवा आलं.' ///"

यात अलंकारिक शब्द एकही नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा खरोखर वाळल्या, शेतकऱ्यांनी त्या तोडल्या. त्या गोष्टी आजही घराघरांत सांगितल्या जातात. मुलीने फक्त विचारायचं होतं. शेवटही "चला तर मग, आजपासून आपण प्रतिज्ञा करूया" असा नको. "तुमच्या घरी हंडे किती आहेत? // धन्यवाद." एवढं पुरे.

आता थांबण्याविषयी. मुलं स्वल्पविराम बघून थांबत नाहीत, श्वास संपला की थांबतात. म्हणून "मग आजोबांनी... कुऱ्हाड घेतली" असं भलतीकडेच तुटतं. त्यासाठी कागदावर लाल पेनने रेघा मारा आणि पहिले दोन दिवस पाठांतर न करता कागद हातात धरूनच बोलायला लावा. दोन रेघांपाशी तिने श्वास घ्यायचा आणि समोरच्या एका माणसाकडे बघायचं. तीन रेघांची जागा सगळ्या भाषणात दोनदाच असावी. प्रत्येक वाक्यानंतर मोठा थांबा घेतला तर कुठलाच थांबा ऐकू येत नाही. मूल त्या शांततेला घाबरतं, त्याला वाटतं आपण विसरलो असं लोकांना वाटेल. म्हणून त्याला आधीच सांगावं, की इथे तू विसरलेली नाहीस, इथे लोक तुझी वाट बघतायत.

हावभावांत तर आपण फारच गोंधळ घालतो. 'पृथ्वी' म्हटलं की हाताने गोल, 'हृदय' म्हटलं की छातीवर हात, 'आकाश' म्हटलं की वर बोट. ही शब्दांची चित्रं झाली, भाषणाचे हावभाव नव्हेत. तीन मिनिटांत तीन-चार हावभाव बास. बाकी वेळ हात बाजूला सैल सोडलेले. हे हावभाव शिकवायचेही नसतात. तिला म्हणा, "आजोबांनी कुऱ्हाड कशी धरली होती ते त्यांनी दाखवलं का?" ती जे करून दाखवेल तेच ठेवा. "हळू पळ" म्हणताना आईचा हात कसा उठतो, ते तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. एक गोष्ट मात्र बघायची : हात शब्दाच्या किंचित आधी किंवा बरोबर उठला पाहिजे. शब्द आधी आणि हात मागून, असं झालं की हावभाव पाठ केलेला आहे हे शेवटच्या रांगेलाही कळतं.

भाषण मुलाचं झालं की नाही, हे ओळखायला एक साधी कसोटी आहे. मध्येच थांबवून म्हणा, "बरं, मोसंबीच्या बागेपासून सांग." जिला तिथून सुरू करता येतं, तिचं भाषण तिचं आहे. जिला पुन्हा "आमच्या घरी" पासून यावं लागतं, तिच्या डोक्यात माळ आहे. एक मणी निसटला की सगळं घरंगळतं. स्टेजवर गप्प होऊन रडत उतरणारी मुलं बहुधा हीच. त्यांना बोलता येत नव्हतं असं नाही, फक्त तो एक शब्द त्यांचा नव्हता.

दोन शंका हमखास येतात. पहिली, "आमचं मूल 'लई', 'तवा', 'कामून' असं बोलतं, ते स्पर्धेत चालेल का?" आजोबांच्या तोंडी 'तवा' राहू द्या. तिथे 'तेव्हा' घातलं तर आजोबाच खोटे वाटतील. मुलीच्या स्वतःच्या वाक्यात साधी शाळेतली मराठी असावी, कारण ती शिकवणंही आपलंच काम आहे. पण साधी म्हणजे 'घागर रिकामी झाली' अशी, 'जलसाठा संपुष्टात आला' अशी नाही.

दुसरी शंका, "सावित्रीबाईंवर मूल स्वतःच्या शब्दांत काय बोलणार?" इथे माहिती आपणच द्यायची. जन्म ३ जानेवारी १८३१, नायगाव. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यातली मुलींची शाळा. वाटेत लोक शेण-चिखल फेकत, म्हणून त्या जादा लुगडं सोबत नेत, हेही सांगा. आणि मग विचारा, "तुझ्या गणवेशावर कुणी चिखल फेकला तर तू काय करशील?" उत्तर येईल, "मी घरी पळत जाईन." झालं, भाषण तिथून सुरू होतं : मी घरी पळाले असते, त्या शाळेत गेल्या. सनावळी आपली, पण वाक्य तिचं.

तरीही अडचण उरतेच. अशी साधी भाषणं अनेक ठिकाणी हरतात, कारण गुणपत्रिकेत 'भाषाशैली' म्हणजे जड शब्द आणि 'सादरीकरण' म्हणजे मोठा आवाज असं धरलं जातं. पालक तयार भाषण मागतात ते याचमुळे, त्यांना दोष देऊन भागणार नाही. बदल स्पर्धा घेणाऱ्यांनी करायला हवा. भाषण झाल्यावर परीक्षकाने मुलाला भाषणातलाच एक प्रश्न विचारावा आणि त्याला दहा गुण ठेवावेत. "टँकर आला की तुझा नंबर कितवा लागतो?" चाळीस स्पर्धक असतील तर वेळ पुरणार नाही, म्हणून प्रश्न शेवटच्या आठ-दहा जणांनाच विचारावा. जिने स्वतःचं सांगितलं ती हसून उत्तर देईल. पाठ करून आलेल्या मुलाला पुढच्या वर्षी घरचे भाषणाचा कागद देणार नाहीत, त्याच्याशी बोलत बसतील.

येत्या जानेवारीत आपल्या केंद्रातल्या स्पर्धेपासूनच हे करून बघता येईल. त्याला ना निधी लागतो, ना परिपत्रक. लागते ती एक कोरी वही, आणि मूल बोलत असताना आपण गप्प बसण्याची तयारी.