गल्ला भरला, पण उरले किती?

नाशिकरोडला आमच्या ओळखीच्या एका तरुणाने वडिलांच्या फंडाचे पैसे घालून कॅफे काढला आहे. एके काळी गावात आपल्या हातचा चहा कोणी घेत नसे. आज त्याच्याकडे बसायला जागा नसते, याचा आम्हाला आनंदच आहे. पण परवा तो म्हणाला, "काका, गेल्या महिन्यापेक्षा धंदा चाळीस हजारांनी वाढला, तरी दूधवाल्याचे पैसे थकले." आम्ही त्याची वही मागवली.

आधीच्या महिन्याची विक्री होती 2,00,000 रुपये. विक्री म्हणजे गिऱ्हाइकांनी दिलेले सगळे पैसे, आपली कमाई नव्हे. त्यातून दूध, कॉफी, ब्रेड, चीज यांचा खर्च वजा करायचा. मात्र आणलेला माल नव्हे, संपलेला माल धरायचा. महिन्याच्या सुरुवातीला 12,000 चा माल शिल्लक होता, 90,000 चा आणला, अखेरीस 18,000 चा उरला. म्हणजे संपला 84,000 चा. उरलेले 1,16,000 हा ढोबळ नफा.

त्यातून भाडे, दोन पोरांचे पगार, वीज, गॅस, कर्जाचे व्याज आणि यंत्राची झीज मिळून 93,000 गेले. निव्वळ नफा 23,000, म्हणजे शंभराच्या विक्रीमागे साडेअकरा रुपये. यालाच मार्जिन म्हणतात. कर्जाच्या हप्त्यातले मुद्दल या खर्चात येत नाही, पण पैसे तर जातातच. म्हणून वहीत नफा असूनही दूधवाला थकू शकतो.

पुढच्या महिन्यात त्याने सवलतीची कुपने काढली आणि मोबाइलवरून घरपोच ऑर्डरी घेतल्या. विक्री 2,40,000 झाली. पण सवलत 20,000 ची दिली होती, म्हणजे मूळ भावाने 2,60,000 चे पदार्थ गेले. सवलत भावात बसते, दुधात बसत नाही! मालखर्च झाला 1,09,200. घरपोचवाल्या कंपनीचे कमिशन 16,000. गर्दीसाठी संध्याकाळी एक पोरगा ठेवला, त्याचे 8,000. बाकी 93,000 तेच. उरले 13,800. मार्जिन पावणेसहा.

विक्री वाढली चाळीस हजारांनी, नफा घटला 9,200 ने.

आणखी एक. तो आणि त्याची बायको सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत राबतात, त्यांची मजुरी या हिशेबात कुठेच नाही. दोघांचे मिळून पंधरा हजारच धरले, तरी हा महिना 1,200 च्या तोट्यात जातो. घरखर्चाला गल्ल्यातून उचललेल्या नोटांची तर नोंदही नव्हती. त्या रोज वेगळ्या पानावर लिहायला आम्ही सांगितले आहे.

कुपने त्याने आता बंद केली. घरपोचचे भाव कमिशन धरून वेगळे लावायचे की तो व्यवहारच सोडायचा, हे या महिन्याची वही मिटल्यावर बसून ठरवणार आहोत.