दम कुठे अडतो?



लेहला पोचून आम्हाला बारा दिवस झाले होते. पहिले सहा दिवस नियमाप्रमाणे उंचीची सवय करण्यात गेले. त्यातले दोन दिवस पूर्ण आराम आणि पुढचे चार दिवस हळूहळू वाढवत नेलेलं चालणं. मग सगळ्यांचं अंग जरा मोकळं झाल्यावर मी पीपीटीचं २.४ किलोमीटर धावायला लावलं. परीक्षा म्हणून नव्हे, कोण कुठे आहे ते कळावं म्हणून.

आमच्या कंपनीत साताऱ्याकडचा एक नाईक होता, पलटणीचा धावपटू. खाली मैदानात तो हेच अंतर आठ मिनिटांत काढायचा. लेहला त्याला पावणेदहा मिनिटं लागली. आमचा लंगरचा एक कूक, जो खाली दहा मिनिटांत कसाबसा पास व्हायचा, तो अकरा मिनिटं वीस सेकंदांत आला. पहिला अजूनही नाईकच होता. पण हिशेब केला तर त्याचा वेळ बावीस टक्क्यांनी वाढला होता आणि कूकचा तेरा टक्क्यांनी.

मी नाईकला सगळ्यांसमोर झापलं. म्हणालो, सुट्टीत आराम केलास, आता इथे नखरे करतोस. तो गुडघ्यावर हात ठेवून उभा होता. एवढंच म्हणाला, "उस्ताद, पाय चालतायत. दमच पुरत नाही."

ते वाक्य मी बहाणा समजलो. खरं तर त्याने नेमकं निदान सांगितलं होतं, आणि ते ओळखण्याइतकं शिक्षण मला मिळालेलं होतं. म्हणून आज हे लिहितोय. माझं म्हणणं असं, की मैदानातल्या वेळेवरून उंचावरची यादी करणं चूक आहे, आणि जो खाली सगळ्यात तगडा, त्याच्यावरच ही चूक सगळ्यात जास्त शेकते. ते का, हे समजायला आधी ट्रेडमिलवर जावं लागेल.

पुण्याला कोर्सला असताना मी एका प्रयोगशाळेत व्हीओटू मॅक्सच्या चाचणीला उभा राहिलो होतो. व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर पूर्ण जोर लावून मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा. ही कल्पना जुनी आहे. १९२०च्या दशकात ए. व्ही. हिल हा इंग्रज शास्त्रज्ञ पाठीवर हवेची पिशवी बांधून मँचेस्टरला गवतावर गोल गोल धावला आणि सोडलेला श्वास त्याने पिशवीत साठवला. आता पिशवीच्या जागी मशीन आहे, तत्त्व तेच.

आधी मशीनला ओळख करून देतात. तीन लिटरच्या मोठ्या सिरिंजने हवा ढकलून ते तीनच लिटर दाखवतंय ना हे बघतात, आणि माहीत असलेल्या मिश्रणाचा गॅस सोडून ऑक्सिजनचा आकडा जुळवतात. हे नीट केलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. मग तोंडावर मास्क. तो कडेने गळत असेल तर सोडलेली हवा निसटते आणि आकडा खोटाच कमी येतो. छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा.

मला ताशी १२ किलोमीटरवर धावायला लावलं, आधी सपाट. दर दोन मिनिटांनी चढ दोन टक्क्यांनी वाढवायचा. अशी चाचणी साधारण आठ ते बारा मिनिटांत संपावी असं धरतात. फार लांबली तर माणूस गरमीने आणि कंटाळ्याने थांबतो, फार लवकर संपली तर पाय आधी भरून येतात.

शेवटी मिनिटाला ८८ लिटर हवा मी आत-बाहेर करत होतो (तापमान आणि वाफेचा हिशेब वजा करून). आत जाणाऱ्या हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन, बाहेर येणाऱ्या हवेत सतरा. म्हणजे शंभर लिटरमागे चार लिटर अंगात राहिला. ८८ लिटरचे झाले ३.५२ लिटर. माझं वजन तेव्हा ६४ किलो. भागाकार केला की किलोमागे मिनिटाला ५५ मिलिलिटर. हाच तो आकडा.

पण तो खरा कमाल आकडा आहे हे कशावरून? मी लवकर हार मानली असती तर? त्यासाठी शेवटच्या दोन पायऱ्या बघतात. सहा टक्के चढाला माझा ऑक्सिजन ३.४५ लिटर होता, आठ टक्क्यांना ३.५२. चढ वाढला, काम वाढलं, पण ऑक्सिजन जेमतेम ७० मिलिलिटरने सरकला. वाढ १५० मिलिलिटरच्या आत राहिली तर आलेख सपाट झाला असं समजतात. वरचं काम शरीर आता ऑक्सिजनशिवायच्या मार्गाने, उधारीवर करत असतं. त्याची दुसरी खूण म्हणजे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आत घेतलेल्या ऑक्सिजनपेक्षा जास्त होतो. माझं ते प्रमाण १.१५ आलं होतं. सराव नसलेल्या माणसात हा सपाटपणा बऱ्याचदा दिसतच नाही. पाय पेटतात आणि तो आधीच बटण दाबतो. मग हाती येतो तो त्या दिवशीचा सर्वोच्च आकडा, त्याची कमाल मर्यादा असेलच असं नाही.

इथे माजी सैनिक मंडळींसाठी एक गोष्ट. मेडिकल बोर्डाच्या वेळी तुमची जी टीएमटी झाली, ती ही चाचणी नव्हे. ब्रूस पद्धतीत ताशी २.७ किलोमीटर आणि दहा टक्के चढावर सुरुवात होते आणि दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात. त्या स्लिपवरचे 'मेट्स' तुम्ही किती वेळ टिकलात त्यावरून काढलेले असतात, श्वास कुणी मोजलेला नसतो. एक मेट म्हणजे ३.५ मिलिलिटर. दांड्याला घट्ट धरून चाललात तर मेट्स फुकटात वाढतात. हृदयाचा आलेख बघायला ती चाचणी उत्तम आहे, तिच्यावरून दमाची फुशारकी मारू नये.

आता मूळ प्रश्नाकडे. हा ऑक्सिजन अडतो कुठे?

पंपाचा हिशेब मांडू. एक लिटर रक्त फुफ्फुसातून भरून निघालं की त्यात सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. साध्या जवान माणसाचं हृदय पूर्ण जोरात मिनिटाला वीस लिटर रक्त ढकलतं. स्नायू त्या २०० पैकी दीडशे काढून घेतात. वीस गुणिले दीडशे, म्हणजे तीन लिटर. आता चांगला धावपटू घ्या. त्याचे कमाल ठोके साध्या माणसापेक्षा जास्त नसतात, उलट थोडे कमीच, समजा १९०. पण एका ठोक्यात १०० ऐवजी १५० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. झाले साडेअठ्ठावीस लिटर. त्याचे स्नायू लिटरमागे १६५ काढतात. गुणाकार येतो ४.७ लिटर. बघा, स्नायूंनी दहा टक्के जास्त काढलं, पण हृदयाने चाळीस टक्के जास्त ढकललं. दोघांतला मोठा फरक पंपाचा आहे.

याचा उलटा पुरावा अमेरिकेत डॅलसला १९६६ साली मिळाला. वीस वर्षांच्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांची सरासरी ३.३ लिटरवरून २.४ वर आली. कमाल ठोके जवळपास तेवढेच होते, एका ठोक्यातलं रक्त घटलं होतं. नंतर सराव करवला तेव्हा ३.९ पर्यंत चढली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा मोजलं, तर तीस वर्षांच्या वयाने केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी निघालं. फ्रॅक्चर होऊन प्लास्टरमध्ये पडलेला जवान परत आल्यावर त्याला 'ढिला' म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

मग फुफ्फुसं? साध्या माणसात ती अडत नाहीत. फुफ्फुसाच्या बारीक नळ्यांत रक्त आरामात पाऊण सेकंद थांबतं आणि भरून निघायला त्याला पाव सेकंद पुरतो. जोरात धावताना ही वेळ अर्ध्या सेकंदाच्याही खाली येते, तरी भागतं. पण ज्याचा पंप साडेअठ्ठावीस लिटर मारतो, त्याचं रक्त तिथून इतक्या घाईने निघतं की काही जणांत ते पूर्ण भरतच नाही. सराव करून हृदय वाढतं, फुफ्फुसं मात्र जवळपास तेवढीच राहतात. अशा पट्टीच्या धावपटूंना समुद्रसपाटीवरच २६ टक्के ऑक्सिजनची हवा दिली तर त्यांचा आकडा वाढतो, साध्या माणसाचा वाढत नाही. म्हणजे साध्याचं रक्त आधीच भरलेलं होतं, धावपटूचं नव्हतं.

आता या दोघांना लेहला न्या, साडेतीन हजार मीटरवर. हवेचा दाब खालच्या दोन तृतीयांश. ऑक्सिजनला रक्तात ढकलणारा जोर कमी, म्हणजे भरायला वेळ जास्त हवा. कूकचं रक्त तिथे तुलनेने सावकाश फिरतं, त्याच्याकडे वेळेची थोडी शिल्लक आहे. नाईककडे ती खालीच संपलेली होती. पाय चालतात, पंप चालतो, रक्त मात्र अर्धवट भरून निघतं.

आमच्या आरएमओ साहेबांनी हे मला दाखवून दिलं. दोन दिवसांनी मी पुन्हा तेच अंतर धाववलं, तेव्हा ते शेवटच्या रेषेवर बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन उभे होते. थंड बोटांवर ते यंत्र काहीही दाखवतं, म्हणून दोघांना आधी हातमोजे घालून धावायला लावलं आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहून घेतला. कूक ८३. नाईक ७६. साहेब म्हणाले, "तुझा घोडा चांगला आहे रे, रस्ता अरुंद आहे."

यावर काही जण म्हणतील, नाईक अजूनही पहिलाच आला, मग अडचण काय? अडचण अशी की आपण पेट्रोलचा वेग त्याच्या मैदानातल्या लौकिकावरून ठरवतो, जास्तीचं वजन त्याच्या पाठीवर देतो आणि तो नाही म्हणत नाही. उंचीच्या आजारापासून फिटनेस वाचवत नाही. उलट फिट माणूस पहिल्या दिवसांत जास्त रेटतो आणि डोकं दुखतंय हे लपवतो. खाली ज्याला कधी कुणी मागे टाकलं नाही, त्याला 'मला जमत नाही' म्हणायची सवय नसते. त्यातून मी त्याला सगळ्यांसमोर झापून ठेवलं होतं. पुढच्या टप्प्यावर, ४,५०० मीटरच्या वर, त्याला खरंच काही झालं असतं तर तो मला सांगायला आला असता का? या प्रश्नाने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही.

मी त्याची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. तो लाजला आणि म्हणाला, "जाऊ द्या उस्ताद." कूकने मात्र ती संधी साधून महिनाभर सगळ्यांना ऐकवलं की लेहमध्ये सगळ्यात कमी पडलेला माणूस पोळ्या करतो.

त्यानंतर माझ्या रजिस्टरमध्ये मैदानातला वेळ आणि वरचा वेळ वेगवेगळ्या पानांवर असतात. वरच्या पानावर पहिला वेळ सवयीचे दिवस संपल्यावरच लिहितो आणि पुढची तुलना फक्त त्याच्याशी करतो. शेजारच्या रकान्यात धावल्यानंतरचं ऑक्सिमीटर. नाईकचा वेळ सहा आठवड्यांनी नऊ मिनिटं वीस सेकंदांवर आला होता. आठ मिनिटं त्याला वर कधीच जमली नाहीत. सुट्टीवर गेला तेव्हा गावच्या जत्रेतल्या शर्यतीत तो पहिला आला, तसा फोन आला होता.